सरासरी कुठून मोजायची?

शेअर बाजारात नव्याने आलेला माणूस एक प्रश्न हमखास विचारतो: "या शेअरमध्ये आत्ता जे लोक बसले आहेत, त्यांनी तो सरासरी कितीला घेतला असेल?" प्रश्न अगदी योग्य आहे. बहुतेक घेणारे नफ्यात असतील, तर भाव थोडा उतरल्यावर ते घाबरून विकत नाहीत. बहुतेक जण तोट्यात अडकलेले असतील, तर भाव त्यांच्या खरेदीजवळ परत आला की "सुटलो एकदाचे" म्हणत ते विकायला येतात. मात्र या प्रश्नाला एक शेपूट आहे, आणि ते सहसा कुणी विचारत नाही: कधीपासून घेतलेले लोक?

कालपासून घेतलेल्यांची सरासरी वेगळी असते, गेल्या दिवाळीपासून घेतलेल्यांची वेगळी. मोजणीची सुरुवात आपण स्वतः निवडायची आणि तिथून पुढच्या प्रत्येक सौद्याला त्याच्या संख्येइतके वजन देऊन सरासरी काढत जायची, या पद्धतीला अँकर्ड व्हीवॅप म्हणतात. या प्रकरणात ही सरासरी कशी काढतात ते आधी पाहू. मग जास्त अवघड प्रश्नाकडे जाऊ: तिची सुरुवात कुठे रोवायची?

१. वजनदार सरासरी म्हणजे काय?

रायपूरहून धमतरीकडे जाताना अभनपूर लागते. समजा, तिथला एक कांद्याचा व्यापारी नवा माल सुरू झाल्यावर खरेदीला लागतो. पहिल्या खेपेला तो १,००० रुपये भावाने २० पोती घेतो, दुसऱ्या खेपेला ८०० रुपयांनी ६० पोती आणि तिसऱ्या खेपेला १,२०० रुपयांनी २० पोती. तिन्ही भावांची साधी सरासरी १,००० रुपये येते. पण त्याच्या खिशातून गेले ९२,००० रुपये आणि गोदामात आली १०० पोती, म्हणजे पोते त्याला ९२० रुपयांना पडले. बाजारभाव ९५० असताना तो नफ्यात आहे. साध्या सरासरीवर विसंबला तर त्याला तोटा झाल्यासारखे वाटेल. शिवाय ही मोजणी त्याने नवा माल आल्यापासून केली आहे. गेल्या हंगामातला कांदा केव्हाच विकला गेला, त्याचा भाव या हिशेबात मिसळण्यात काही अर्थ नाही.

व्हीवॅप म्हणजे हाच हिशेब, फक्त पूर्ण बाजाराचा. एकूण रुपयांची उलाढाल भागिले एकूण शेअरची संख्या:

```
AVWAP = Σ(भाव × संख्या) ÷ Σ(संख्या)
```

आपल्या बाजाराला ही कल्पना नवी नाही. राष्ट्रीय शेअर बाजारात वर्षानुवर्षे चालत आलेल्या पद्धतीनुसार शेअरचा बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसतो. दुपारी ३ ते ३:३० या अर्ध्या तासातल्या सर्व सौद्यांची ती वजनदार सरासरी असते. म्हणजे तिची सुरुवात ३ वाजता रोवलेली असते. मोठे फंड आपल्या डीलरचे काम जोखताना पूर्ण दिवसाचा व्हीवॅप वापरतात. त्याची सुरुवात सकाळी ९:१५ ला होते आणि दुसऱ्या दिवशी मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते.

अँकर्ड व्हीवॅपमध्ये फरक एवढाच, की घड्याळाऐवजी सुरुवात आपण निवडतो आणि नंतर मोजणी कधीही शून्यावर आणत नाही. भौतिकशास्त्रज्ञ पॉल लेव्हिन यांनी १९९५ मध्ये 'मिडास' या नावाने ही कल्पना मांडली. पुढे अमेरिकी ट्रेडर ब्रायन शॅनन यांनी ती रोजच्या वापरात रुळवली. आज बहुतेक चार्टिंग सॉफ्टवेअरमध्ये Anchored VWAP नावाचे साधन असते. कँडलवर क्लिक केले की रेघ निघते. रेघ काढणे इतके सोपे झाल्यामुळेच कुठल्या कँडलवर क्लिक करायचे याचा विचार मागे पडतो.

२. एक ठोस प्रसंग: ३ आणि ४ जून २०२४

लोकसभा निवडणुकीचे एक्झिट पोल १ जून २०२४ च्या शनिवारी संध्याकाळी आले. सोमवारी, ३ जूनला, निफ्टी तीन टक्क्यांहून जास्त चढून २३,२६३.९० वर बंद झाला. मंगळवारी मतमोजणी झाली. सत्ताधारी पक्षाला स्वबळावर बहुमत मिळत नाही हे दिसू लागताच निफ्टी दिवसभरात २१,२८१.४५ पर्यंत कोसळला आणि २१,८८४.५० वर बंद झाला. एका दिवसात जवळपास सहा टक्के गेले. बुधवारी तो २२,६२०.३५ वर बंद झाला आणि शुक्रवारी, ७ जूनला, २३,२९०.१५ वर. म्हणजे पडझडीआधीचा बंद भाव त्याने चारच दिवसांत ओलांडला.

चार्टवर ४ जूनचा तळ खोल दरीसारखा दिसतो. ज्याच्या दोन्ही बाजूंच्या काही कँडलचे नीचांक त्याच्यापेक्षा वर असतात, अशा तळाला ट्रेडर स्विंग लो म्हणतात. त्याच्या उलट, आजूबाजूच्या कँडलपेक्षा उंच असलेल्या शिखराला स्विंग हाय म्हणतात. आता या आठवड्यात अँकर कुठे रोवायचा, ३ जूनला की ४ जूनला?

आकडेमोड सोपी राहावी म्हणून एक काल्पनिक शेअर घेऊ. त्याचे रोजचे सरासरी भाव आणि हातबदल झालेल्या शेअरची संख्या अशी समजा:

३ जून: ८४० रुपये, १५ लाख शेअर
४ जून: ७४० रुपये, २० लाख शेअर
५ जून: ७७० रुपये, १० लाख शेअर
६ जून: ७९० रुपये, ६ लाख शेअर
७ जून: ८१० रुपये, ४ लाख शेअर

अँकर ४ जूनला रोवला तर पहिल्या दिवशी रेघ ७४० वर असते. दुसऱ्या दिवशी एकूण ३० लाख शेअर आणि २२५ कोटी रुपये होतात, म्हणजे ७५०. तिसऱ्या दिवशी ती जवळपास ७५६.७० वर येते, आणि ७ जूनला ४० लाख शेअर व ३०४ कोटी ८० लाख रुपयांवर ती ७६२ होते. याच चार दिवसांच्या भावांची साधी सरासरी ७७७.५० आली असती. वजनदार सरासरी खाली राहिली, कारण सर्वांत जास्त माल ७४० ला हातबदल झाला.

अँकर ३ जूनला रोवला तर ७ जूनला रेघ सुमारे ७८३ वर येते. एकच दिवस मागे सरकलो आणि रेघ २१ रुपयांनी वर गेली.

दोन्ही रेघा बरोबर आहेत, फक्त त्या दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. ७८३ ची रेघ सांगते, की एक्झिट पोलच्या उत्साहापासून आजवर झालेल्या सौद्यांचा सरासरी भाव काय. ७६२ ची रेघ सांगते, की भीतीच्या दिवसापासूनचा भाव काय. पुढे शेअर ७७० वर आला तर भीतीत घेणारे सरासरीने नफ्यात असतील आणि उत्साहात घेणारे तोट्यात. वर ७८३ जवळ अडकलेल्यांची विक्री अपेक्षित, खाली ७६२ जवळ नफ्यातल्यांचा आधार अपेक्षित. भाव अशा दोन रेघांच्या चिमट्यात सापडला, की तो कुठल्या बाजूने सुटतो याकडे ट्रेडर लक्ष ठेवतात. ज्या बाजूने तो सुटतो, तिथे एका गटाचा धीर संपलेला असतो.

३. अँकर निवडण्याच्या कसोट्या

जाणता ट्रेडर अँकर निवडताना स्वतःला एक प्रश्न विचारतो: या क्षणापासून माल धरून बसलेल्यांचा हिशेब खरोखर नव्याने सुरू झाला का? याचे उत्तर तीन खुणांवरून मिळते.

पहिली खूण म्हणजे त्या ठिकाणी दिशा बदललेली असावी. स्विंग लो किंवा स्विंग हाय निवडतात ते याच कारणाने. तळाआधी विकणाऱ्यांचा जोर होता, तळानंतर घेणाऱ्यांचा. दोन्ही काळ एकाच सरासरीत मिसळले तर रेघेत दोन विरुद्ध मनःस्थितींची खिचडी होते.

दुसरी खूण म्हणजे त्या दिवशी मोठी उलाढाल झालेली असावी. तुरळक सौद्यांत झालेल्या तळाला फारसे वजन नसते, कारण तिथे फार थोडा माल हातबदल झालेला असतो. वरच्या उदाहरणात ४ जूनची उलाढाल चार दिवसांत सर्वांत मोठी आहे, म्हणूनच रेघ त्या भावाला चिकटून राहते.

तिसरी खूण म्हणजे त्या वळणाला सर्वांना माहीत असलेले कारण असावे. मतमोजणी, अर्थसंकल्प, कंपनीचे तिमाही निकाल, शेअर बाजारात नोंदला गेल्याचा पहिला दिवस, ही अशी कारणे होत. सर्वांनी तोच दिवस लक्षात ठेवलेला असतो, त्यामुळे तिथून मोजणारेही पुष्कळ असतात. नव्याने नोंदलेल्या शेअरमध्ये पहिला दिवस हा सर्वांत निर्विवाद अँकर असतो. तिथून निघालेल्या रेघेत खुल्या बाजारातला पहिल्यापासूनचा प्रत्येक सौदा असतो.

तिन्ही खुणा एका ठिकाणी जुळल्या तर अँकर भक्कम. ४ जूनला त्या जुळतात. एकच खूण असेल, म्हणजे चार्टवर नुसता खड्डा दिसतो पण उलाढाल नाही आणि कारणही नाही, तर तो अँकर सोडून द्यावा.

अँकर कुठल्या कालावधीच्या चार्टवर रोवला, यानेही फरक पडतो. रोजच्या चार्टवर ४ जूनच्या कँडलवर क्लिक केले, तर रेघ त्या दिवसाच्या तळापासून सुरू होत नाही. ती पूर्ण दिवसाच्या भावापासून सुरू होते, म्हणजे तळ लागण्याआधी सकाळी वरच्या भावात झालेले सौदेही तिच्यात येतात. अनेक सॉफ्टवेअरमध्ये हा दिवसाचा भाव म्हणजे उच्चांक, नीचांक आणि बंद भाव यांची साधी सरासरी असते. नेमक्या तळापासून मोजायचे असेल, तर पाच मिनिटांच्या चार्टवर जाऊन तळाच्या कँडलवर अँकर रोवावा लागतो. काही आठवडे धरून ठेवायचा सौदा असेल, तर रोजचा चार्ट पुरेसा आहे.

४. तळ होता हे कळते केव्हा?

४ जूनच्या दुपारी २१,२८१ हा आकडा पाहणाऱ्या कुणालाही माहीत नव्हते, की तो तळ आहे. दोन्ही बाजूंना वरचे नीचांक दिसल्यावरच त्याला स्विंग लो म्हणता येते, आणि उजवी बाजू तयार व्हायला वेळ लागतो. तीन दिवसांची अट ठेवली तर ४ जूनचा तळ ७ जूनच्या शेवटी ठरतो. चार्टवर मात्र रेघ ४ जूनपासूनच काढलेली दिसते. पहिले तीन दिवस ती रेघ कुणाच्याही पडद्यावर नव्हती हे विसरून, "बघा, ५ जूनला भाव रेघेवर टेकला आणि वर गेला" असे म्हणणे ही या पद्धतीतली सर्वांत मोठी फसगत आहे. जुन्या भावांवर ही पद्धत तपासताना सौद्याची मोजणी तळ ठरल्याच्या दिवसापासून सुरू करावी, तळाच्या दिवसापासून नाही. घटनेवर रोवलेल्या अँकरला ही अडचण नाही, कारण मतमोजणीची तारीख आधीच ठाऊक असते.

ठरलेला तळसुद्धा पुढे मोडू शकतो. ४ मार्च २०२५ ला निफ्टीने २१,९६४.६० चा तळ केला आणि त्यानंतर तो चांगला वर आला. तीन दिवसांच्या अटीने पाहिले तर तो रीतसर स्विंग लो होता, आणि अनेकांनी तिथे अँकर रोवणे रास्तच होते. मग अमेरिकेच्या आयात शुल्काच्या धक्क्याने ७ एप्रिलला निफ्टी २१,७४३.६५ पर्यंत उतरला. मार्चचा तळ मोडला. जिथे विकणारे संपले असे आपण मानले, तिथे ते संपलेले नव्हते, हे भावानेच सांगितले. अशा वेळी जुना अँकर निवृत्त करून नव्या तळाची वाट पाहायची. मोडलेल्या तळावरची रेघ तशीच ठेवली तर ती चुकीचा आधार दाखवत राहते.

५. रेघ म्हातारी होते

अँकरनंतरच्या पहिल्या दिवसांत रेघ पटापट हलते, नंतर मंदावते. याचा हिशेब सोपा आहे. आजचा भाव आणि रेघ यांतले अंतर घ्या, आणि आजची संख्या एकूण संख्येच्या किती भाग आहे ते पाहा. रेघ त्या अंतराच्या तेवढाच भाग हलते. आपल्या उदाहरणात ७ जूनला ४ लाख शेअर म्हणजे एकूण ४० लाखांचा दहावा भाग. रेघ ७५६.७० वर होती, भाव ८१०, अंतर सुमारे ५३ रुपये. त्याचा दहावा भाग ५.३०, आणि रेघ ७६२ वर आली.

पुढे रोज ५ लाख शेअरचे सौदे होत राहिले आणि एकूण संख्या १,००० लाखांवर गेली, तर एका दिवसाचा वाटा अर्धा टक्का उरतो. भाव रेघेपासून १०० रुपये दूर असला तरी रेघ दिवसात ५० पैसेच हलेल. अशी रेघ जवळपास आडवी असते. तिच्यातले बरेच जुने घेणारे माल विकून केव्हाच गेलेले असतात.

इथे या साधनाची मूळ मर्यादा कळते. व्हीवॅप सौदे मोजतो, धरून बसलेले लोक मोजत नाही. सकाळी घेऊन दुपारी विकलेला शेअर दोनदा मोजला जातो आणि संध्याकाळी सकाळचा घेणारा त्याचा धारक उरलेलाच नसतो. म्हणून "सगळ्यांची सरासरी खरेदी" हा रेघेचा अर्थ ढोबळ आहे. दिवसभराच्या सट्ट्याचा वाटा जितका मोठा, तितका तो जास्त ढोबळ. राष्ट्रीय शेअर बाजार रोजच्या भावकॉपीत डिलिव्हरीचे प्रमाण `DELIV_PER` या रकान्यात देतो. अँकरच्या दिवशी ते नेहमीपेक्षा वर असेल, तर माल खरोखर घरी नेणारे होते असे समजावे आणि त्या अँकरवर जास्त विश्वास ठेवावा.

६. स्वतः काढून पाहा

सॉफ्टवेअरशिवायही ही रेघ काढता येते, आणि एकदा हाताने काढली की तिचा अर्थ पक्का बसतो. राष्ट्रीय शेअर बाजाराच्या संपूर्ण भावकॉपीत प्रत्येक शेअरची उलाढाल `TURNOVER_LACS` मध्ये लाख रुपयांत असते आणि संख्या `TTL_TRD_QNTY` मध्ये. अँकरच्या दिवसापासून दोन्हींची बेरीज करत जा:

```
SUM(TURNOVER_LACS) * 100000 / SUM(TTL_TRD_QNTY)
```

यात प्रत्यक्ष रुपये असल्यामुळे ही रेघ उच्चांक-नीचांकाच्या अंदाजावर काढलेल्या रेघेपेक्षा अचूक असते. दोन ठिकाणी मात्र सांभाळावे लागते.

पहिले ठिकाण बोनस आणि शेअर विभाजन. रिलायन्सचा एकास एक बोनस २८ ऑक्टोबर २०२४ पासून भावात उतरला आणि शेअरचा भाव जवळपास निम्मा झाला. त्याआधीचा अँकर असेल आणि जुने आकडे तसेच जोडत गेलात, तर रेघ भावाच्या कितीतरी वर लटकते आणि सगळे जण तोट्यात असल्यासारखे दिसते. उपाय सोपा आहे: बोनसआधीच्या प्रत्येक दिवसाची संख्या दुप्पट करायची, रुपयांची उलाढाल मात्र आहे तशीच ठेवायची. सॉफ्टवेअरने भाव निम्मे केले पण संख्या दुप्पट केली नाही, तरीही रेघ चुकते. म्हणून बोनसच्या तारखेजवळ दोन्ही आकडे तपासून घ्यावेत.

दुसरे ठिकाण निर्देशांक. निफ्टी स्वतः खरेदी-विक्रीला नसतो, त्यामुळे त्याची स्वतःची अशी संख्या नसते. काही चार्टवर त्यातल्या पन्नास शेअरच्या संख्यांची बेरीज दाखवतात. तिच्यात शंभर रुपयांच्या आणि दहा हजार रुपयांच्या शेअरला सारखेच वजन मिळते. निफ्टीवर अँकर रोवायचा असेल तर त्याच्या फ्युचरचा किंवा निफ्टी ईटीएफचा चार्ट घ्यावा. फ्युचरमध्ये दर महिन्याला करार बदलतो आणि भावात उडी येते, म्हणून एका कराराच्या मुदतीपुरतीच रेघ खात्रीची. लांबच्या अँकरसाठी ईटीएफ बरा.

७. रेघ आधी की कारण आधी?

या पद्धतीचा शत्रू कुठला असेल तर सोयीने सरकवलेला अँकर. चार्टवर शेकडो कँडल असतात. त्यांतल्या कुठल्यातरी एकीवरून काढलेली रेघ आजच्या भावाला अचूक टेकणारच. अशी रेघ शोधून काढली तर ती बाजाराबद्दल काहीच सांगत नाही. आपण पुष्कळ प्रयत्न केले, एवढेच सांगते.

यावर एक शिस्त पुरते. रेघ काढण्याआधी वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: अँकरची तारीख, त्याचे कारण आणि तो कधी रद्द होईल. उदाहरणार्थ: "४ जून २०२४, मतमोजणीच्या दिवशीचा तळ, मोठी उलाढाल, त्या दिवसाचा नीचांक मोडला तर रद्द." मग अँकर एक दिवस मागे आणि एक दिवस पुढे सरकवून पाहावा. रेघ बरीच सरकली तर त्या एका दिवसावर सगळा भार आहे, आणि तोच दिवस का घेतला याचे उत्तर वहीत असायला हवे. कारण सापडत नसेल, तर रेघ कितीही सुबक टेकलेली असली तरी ती पुसून टाकावी. एका शेअरवर एका वेळी दोन किंवा तीनच अँकर ठेवावेत: एक मोठ्या वळणाचा, एक अलीकडच्या वळणाचा आणि हवा असेल तर शेवटच्या निकालाचा. त्यापेक्षा जास्त रेघा काढल्या की प्रत्येक भावाजवळ कुठली ना कुठली रेघ येते आणि मग कुठल्याच रेघेला अर्थ उरत नाही.